कलिंगड आणि एक मिनिट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझरांना प्रशिक्षण द्यायला गेलो होतो. सुरुवातीला प्रत्येकानं एका मिनिटात गमतीशीर ओळख करून द्यायची होती. तयारीला पंधरा मिनिटं दिली.

तपासणी विभागातल्या एका गृहस्थांनी कागद पुढं केला. जन्म खानापूर तालुक्यात, मग आयटीआय, मग नोकऱ्यांची यादी आणि शेवटी एक ऐकीव विनोद. तो विनोद कुणीही सांगितला असता, त्यामुळं त्यात हे स्वतः कुठंच नव्हते. शिवाय निवांत मराठी बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात आणि हसण्यालाही वेळ जातो. म्हणून मी मजकूर पाऊण मिनिटापुरताच ठेवायला सांगतो.

म्हटलं, "दिवसभर करता काय?"

"हातोडीनं कास्टिंग ठोकून बघतो. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा."

"घरी कधी ठोकलंय का काही?"

ते लाजत म्हणाले, "कलिंगड."

मग यादी सगळी काढली आणि एवढंच ठेवलं:

"मी दिवसभर कास्टिंग ठोकतो. आवाजावरनं तडा ओळखतो. म्हणून बाजारात बायको मलाच पुढं करते. परवा चार कलिंगडं ठोकली, एक निवडलं. घरी कापलं तर आत पांढरंफटक! बायको म्हणाली, 'कंपनीतला माल पण असाच पास करतासा व्हय?'"

सराव करताना ते शेवटी पुस्ती जोडायचे, "म्हणजे तिला म्हणायचं होतं की..." ती मी काढायला लावली. हशा 'व्हय'वर फुटणार, त्यानंतर एक अक्षर जरी बोललं तरी तो दबतो. नावही शेवटाला नेलं. सुरुवातीला लोक खुर्च्या सरकवत असतात, नाव कुणाच्या कानात जात नाही.

अडचणी दोन होत्या. निम्मी मंडळी कन्नड बोलणारी, आणि पहिल्या रांगेत त्यांचे मॅनेजर. पहिलीवर त्यांनीच तोड काढली. बोलता बोलता बोटाच्या पेरानं टेबल वाजवलं, कान खाली नेला, मान डोलावली, पुढचं कलिंगड. भाषा कशीबशी कळणारेही आधीच हसायला लागले. दुसरीबद्दल मला धाकधूक होती, पण विनोद स्वतःच्या फजितीवर होता, मालावर शंका बायकोची होती. साहेबांवर काही नव्हतं.

'व्हय' झालं आणि हॉल फुटला. ते गप्प उभे राहिले, हे सगळ्यात अवघड असतं. नवखा माणूस हशातच पुढचं वाक्य रेटतो. आवाज ओसरल्यावर त्यांनी नाव सांगितलं आणि बसले.

पुढची पाळी मॅनेजरांची. त्यांनी लिहून आणलेला कागद घडी घालून खिशात ठेवला.

"मी ह्यांचा मॅनेजर. ह्यांनी पास केलेल्या मालावर सही माझी असते."