हातचा उरला कुठे?

सेमिस्टरच्या असाइनमेंटमध्ये प्रश्न एका ओळीचा होता: बायनरी संख्येत 1 मिळवणारा फायनाइट ट्रान्सड्यूसर काढा. म्हणजे एकेक अंक वाचत, मोजक्याच स्टेट्सच्या जोरावर, उत्तर लिहीत जाणारं यंत्र.

सवयीप्रमाणे मी डावीकडून सुरुवात केली आणि पहिल्याच अंकावर अडकले. 0110 चं उत्तर 0111, पण 0111 चं 1000. दोन्हीत 011 इथपर्यंतचं वाचन अगदी सारखं, तरी पहिला अंक एकात 0 लिहायचा आणि दुसऱ्यात 1. लिहिणं लांबवावं तर मधले 1 किती आले ते लक्षात ठेवायला हवं, आणि ते कितीही असू शकतात. स्टेट्स मात्र मोजक्याच. दोन संध्याकाळी मी स्टेट्स वाढवत बसले होते; प्रत्येक वेळी आणखी एक 1 जोडला की यंत्र चुकायचं.

मग शाळेतली बेरीज आठवली. ती आपण उजवीकडूनच करतो, हातचा धरून. तिथून बघितलं तर दोन स्टेट्स पुरतात. H म्हणजे हातचा आहे, R म्हणजे हात रिकामा. 1 मिळवायचाच असल्यामुळे सुरुवात H मध्ये होते.

```
T = {("H","1"): ("H","0"),
     ("H","0"): ("R","1"),
     ("R","0"): ("R","0"),
     ("R","1"): ("R","1")}
```

1011, म्हणजे 11, उजवीकडून वाचू: 1, 1, 0, 1. पहिल्या दोन 1 ना 0, 0 लिहिलं, हातचा तसाच राहिला. पुढे 0 भेटला, त्याचा 1 केला, हात रिकामा झाला. शेवटचा 1 जसाच्या तसा उतरला. लिहिलं गेलं 0, 0, 1, 1. उलटं वाचलं की 1100, म्हणजे 12. मला फार आनंद झाला.

तो 111 ने घालवला. उत्तर आलं 000. हे यंत्र एक अंक वाचून एकच लिहितं, त्यामुळे तीन अंकांतून चार निघणं शक्यच नव्हतं. अंक संपले तेव्हा यंत्र अजून H मध्येच उभं होतं आणि तो हातचा कुणी लिहिलाच नव्हता. चूक ओळखायची खूण हीच: सगळे 1 असलेली संख्या दिली की सगळी शून्यं मिळतात. उपाय म्हणून प्रत्येक स्टेटला शेवटचं लेखन जोडलं: H मध्ये संपलं तर आणखी 1 लिहायचा, R मध्ये काहीच नाही. आता 111 चे 1000 झाले. रिकाम्या ओळीतूनही 1 आला, म्हणजे शून्यात एक मिळवला गेला.

नंतर मी पहिल्या यंत्राचं लेखन, शेवटच्या 1 सकट, तशाच दुसऱ्या यंत्राला वाचायला दिलं. 2 मिळवणारं यंत्र तयार झालं. दोघांच्या स्टेट्सच्या चार जोड्या होतात, पण त्यातल्या ज्या दोन जोड्यांत कुणा एकाच्याच हाती हातचा असतो, त्या हुबेहूब सारख्या वागतात, म्हणून तीनच उरल्या. तक्ता नीट मांडल्यावर दिसलं, की हे यंत्र उजवीकडचा पहिला अंक न बदलता उतरवतं आणि उरलेल्या अंकांत 1 मिळवतं.