गाडी विकली, पाकीट डिक्कीतच राहिलं

आधी चार मेसेज आले. सहा युरो चाळीस, तीन वीस, आठ, पुन्हा तीन वीस. एकूण वीस युरो ऐंशी सेंट, सगळे पार्किंगचे. त्यातले दोन उल्म शहरातले होते. उल्मला मी आयुष्यात कधी गेलेले नाही, आणि ज्या गाडीतून गेले असते ती तीन आठवड्यांपूर्वीच विकून टाकली होती. ती गाडी पार्किंगचे पैसे माझ्या कार्डावरून परस्पर द्यायची.

पुण्यात वाढलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. जर्मनीतल्या माझ्या स्टुटगार्टच्या बँकेला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून म्हटलं, "कार्ड बंद करा." पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "कार्ड कशाला बंद करायचं? तुमचा नंबर कुणाकडे गेलेलाच नाही." मग तिने तिच्या पडद्यावरची यादी वाचून दाखवली. या कार्डाची बाहेर चार टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायचे आकडे, आहेत: एक फोनचं, एक घड्याळाचं, एक किराण्याच्या साइटचं आणि एक गाडीवाल्या कंपनीच्या पेमेंटचं. "शेवटचं तात्पुरतं थांबवू की कायमचं काढू?" मी म्हटलं, काढा. दोन मिनिटांत काम संपलं. त्याच संध्याकाळी त्याच कार्डाने घड्याळातून ब्रेडचे पैसे दिले, काही अडलं नाही. मागे एकदा कार्ड हरवलं होतं तेव्हा नवीन येईपर्यंत आठवडाभर शेजारणीकडून उसने पैसे घेऊन दिवस काढले होते. त्यामुळे या दोन मिनिटांचं मला जरा जास्तच कौतुक वाटलं, आणि पुढच्या आठवड्यात मावसबहिणीच्या लग्नाला पुण्याला आले ते हे कौतुक सोबत घेऊनच.

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. कर्वेनगरच्या गॅलरीत चहा घेताना 'टोकन' हा शब्द निघाला आणि ते खुलले. "अगं, पितळेचं टोकन! चेक काउंटरवर द्यायचा, नंबर कोरलेला बिल्ला घ्यायचा, बाकावर बसायचं. नंबर पुकारला की पैसे. तो बिल्ला घेऊन शेजारच्या बँकेत गेलीस तर तुला हाकलतील."

कल्पना अगदी तीच आहे. गाडीच्या ॲपमध्ये मी कार्ड घातलं तेव्हा तो नंबर व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्ककडे गेला. नेटवर्कने माझ्या बँकेला विचारलं, बँकेने माझ्या फोनवर मंजुरी घेतली, आणि मग गाडीवाल्या कंपनीला दुसराच एक आकडा दिला गेला. दिसायला तो कार्डाच्या नंबरसारखाच असतो. खरा नंबर कोणता, ही जोडी नेटवर्कच्या तिजोरीत राहते. त्या आकड्यासोबत नोंद असते की हा अमक्याच कंपनीने वापरायचा. उद्या कुणी त्या कंपनीचे सर्व्हर फोडून माझं टोकन पळवलं आणि दुसऱ्या दुकानात चालवायला गेलं, तर विचारणारा वेगळा आहे हे नेटवर्कला दिसतं आणि व्यवहार नाकारला जातो. फोनमध्येही हाच प्रकार आहे. फोनने पैसे दिल्यावर पावतीवरचे शेवटचे चार आकडे आपल्या कार्डाशी जुळत नाहीत, ते यामुळेच.

इथपर्यंत बाबा मान डोलवत होते. मग विचारलं, "आणि मागची सही?" कळलं नाही मला. तर म्हणाले, नुसता बिल्ला दाखवून पैसे देत नसू, चेकच्या मागे सही घ्यायचो, कारण बिल्ला वाटेत कुणी उचलला असेल तर? आता बघा, फोनने पैसे देताना ही सही खरंच असते. दर वेळी फोन त्या एकाच व्यवहारापुरता एक गुप्त संकेत बनवतो, तो पुन्हा चालत नाही. पण गाडीचं तसं नाही. तिथे मी हजर असतेच असं नाही. माझी मंजुरी कार्ड जोडताना एकदाच घेतली, आणि पुढचे पैसे कंपनी त्या पहिल्या मंजुरीचा हवाला देऊन स्वतःच मागते. त्या मागणीत ताजी सही नसते.

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे नाव लिहून क्रॉस केलेला चेक, पण रकमेची जागा कोरी. आणि असे कितीही चेक."

मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. एका दुकानापुरतं टोकन म्हणजे पैसे *कुणाला* मिळतील एवढंच पक्कं असतं. *किती*, *किती वेळा*, आणि मुख्य म्हणजे *कुणाच्या सांगण्यावरून*, हे त्यात येत नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. विकताना गाडीच्या पडद्यावरून मी माझी प्रोफाइल पुसली होती. पण टोकन गाडीत नव्हतंच. ते कंपनीच्या सर्व्हरवर, माझ्या खात्याला चिकटलेलं होतं, आणि त्या खात्यातून गाडी काढायची मी विसरले. नव्या बाईंनी रस्त्यावर गाडी लावली, पडद्यावर 'पार्किंग सुरू करा' आलं, त्यांनी बोट टेकवलं. गाडीने कंपनीला कळवलं, कंपनीने माझ्या टोकनवर पैसे मागितले. नेटवर्कला त्यात वावगं दिसणार काय? योग्य टोकन, योग्य कंपनी. यंत्रणा जशी चालायला हवी तशीच चालली.

उल्मचा उलगडाही यातच आहे. 'एक दुकान' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे चितळ्यांचं दुकान येतं. इथे ते 'एक दुकान' म्हणजे गाडीवाल्या कंपनीची पेमेंट शाखा होती. ती पैसे स्वतःच्या नावावर घेते आणि मागच्या दाराने गावोगावच्या पार्किंगवाल्यांना देते. त्यामुळे कागदावर एकच दुकान, पण माझं टोकन ती कंपनी पोचते त्या प्रत्येक रस्त्यावर चालणार. कुंपण आहे, फक्त ते तालुक्याएवढं आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर बाबा काय म्हणाले असतील? "आपली वॅगनार विकली तेव्हा मी आधी काचेवरचा फास्टॅग खरवडला आणि तो बंद झाल्याचा मेसेज बघितल्यावरच किल्ली दिली." मग दहा मिनिटं फास्टॅग-पुराण. ऐकून घेतलं, कारण बरोबर होतं. फास्टॅगही गाडीने परस्पर पैसे देण्याचाच प्रकार आहे, आणि २०२१च्या फेब्रुवारीपासून तो आपल्याकडे सक्तीचा आहे. २०२२मध्ये तो व्हिडिओ फिरला होता, आठवत असेल, सिग्नलवरचा मुलगा काच पुसता पुसता मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅग स्कॅन करतो म्हणून. तेव्हा फास्टॅगची पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने खुलासा केला होता की फास्टॅगचे पैसे फक्त नोंदवलेल्या टोल आणि पार्किंगवाल्यांनाच मागता येतात, व्यक्तीला मिळूच शकत नाहीत. पुन्हा तेच कुंपण. शिवाय फास्टॅगमध्ये भरलेत तेवढेच पैसे असतात, म्हणजे रकमेची जागाही अगदी कोरी नाही.

इथे मला आमच्या जर्मनीची बाजू घ्यावीशी वाटली, पण घेता येईना. कारण कार्डाच्या टोकनबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम मी परतताना विमानतळावर बसून वाचला. सप्टेंबर २०२१चा. टोकन हे कार्ड, टोकन मागणारी कंपनी आणि दुकान या तिघांच्या प्रत्येक जुळणीचं वेगळं असलं पाहिजे. १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानाने खरा नंबर ठेवायचाच नाही. आणि कोणकोणत्या दुकानांत आपलं टोकन आहे ही यादी ॲपवर, नेट बँकिंगमध्ये, फोनवर किंवा शाखेत दाखवणं आणि हवं ते काढून देणं ही कार्ड देणाऱ्या बँकेची जबाबदारी. मी ज्या बाईंचं एवढं कौतुक करत होते, त्यांचं काम पुण्यात बाबा स्वतःच ॲपमध्ये करू शकतात. आणखी एक: कार्ड बदललं तर जुन्या दुकानांना नवं कार्ड जोडायचं का, हे बँकेने तुम्हाला स्पष्ट विचारायचं. मला कुणी विचारलं नव्हतं. मधे माझं कार्ड मुदत संपून बदललं, टोकन तेच राहिलं, नेटवर्कने मागच्या मागे नव्या कार्डाशी जोडून टाकलं. तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं होतं, हेही खरं.

पण मग पुण्यात गाडी अशी कार्डावरून स्वतः पैसे का देत नाही? कारण कार्डावर वारंवार पैसे कापायचे तर साधारणपणे चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते, आणि बहुतेक गोष्टींसाठी पंधरा हजारांच्या वर गेलं की ओटीपी. हप्त्यांना हे ठीक आहे. पार्किंगला कसं जमणार? "गाडीने आदल्या दिवशी सांगायचं का, उद्या मी डेक्कनला थांबणारेय म्हणून?" हे आईचं. बाबांनाही हसू आलं. फास्टॅग आपोआप भरण्यासाठी ती आधीच्या सूचनेची अट ऑगस्ट २०२४मध्ये काढली, ती याच अडचणीपायी. टोल कधी लागणार हे आधी कुणाला माहीत असतं?

निघण्याच्या आदल्या रात्री बाबांच्या फोनवर ती यादी उघडली. तीन नावं ओळखीची निघाली, चौथं कुणालाच ओळखू येईना. आईने मागे एकदा साडी मागवली होती त्या साइटचं असावं, कंपनीचं नाव आणि दुकानाचं नाव वेगळं असतं ना. बाबांनी काढून टाकलं. काही बिघडलं तर साडी परत मागवताना कळेल, इतकंच.

इकडे परत आल्यावर दोन गोष्टी झाल्या. कंपनीची मेल आली की तुमचं कार्ड चालत नाही, नवीन घाला. म्हणजे टोकन खरंच मेलं होतं आणि मधे कुणीतरी ते पुन्हा वापरून पाहिलं होतं. मी खात्यात जाऊन गाडी काढून टाकली. आणि नव्या मालकीणबाईंनी डीलरकडून माझा खाते क्रमांक मिळवून बरोबर वीस युरो ऐंशी सेंट पाठवले, सोबत 'पार्किंग, क्षमस्व' एवढाच मजकूर. पार्किंग गाडीसोबत फुकट मिळतं असं त्यांना वाटलं होतं म्हणे. एक सेंट कमी नाही, एक जास्त नाही. हे लोक असे आहेत, यावर पुण्यात कुणाचा विश्वास बसला नाही.

नव्या गाडीतही मी कार्ड घातलंय. पावसात मशीनसमोर उभं राहून नाणी शोधणं मला होत नाही, आणि इथे पाऊस फार असतो. या वेळी वेगळं कार्ड घातलं, महिन्याला शंभर युरोची मर्यादा लावून. म्हणजे रकमेची जागा आता कोरी नाही. बाबांना अजून बोललेले नाही. हे वाचतीलच.