टकटक

परवा दुपारी जेवून आडवा पडलो होतो, तर हात आपोआप भिंतीकडे गेला आणि बोटाच्या पेराने टकटक केली. पलीकडून लगेच टकटक झाली. शेजाऱ्यांना वाटलं असणार की आमचं काही दुखतंय. बायको म्हणाली, "झालं तुमचं सुरू?"

मी कुणाच्याही घरी भिंत वाजवून बघतो. ही खोड कोकणातल्या आमच्या घराने लावली. चिऱ्याचं जोतं, त्यावर हातभर जाड मातीच्या भिंती आणि वर कौलं. आजी दर चार दिवसांनी सारवायची. शेणाचा हात भिंतीवरही फिरायचा, पण जमिनीपासून तिच्या कमरेपर्यंतच. ओल्या सारवणावर आमचा पाय पडला की ती पोतेऱ्यासकट मागे लागायची. बाहेरच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मात्र वैशाखातच गडी माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायचे. पाऊस तिकडूनच येतो. झापं भिंतीला चिकटवून नाही, वीतभर अंतर सोडून, म्हणजे मागून वारा खेळतो.

आजी गेल्यावर काकांनी घर "पक्कं" करायला घेतलं. दरसालचं लिंपण नको म्हणून बाहेरून छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला. चिखल होतो म्हणून अंगणात काँक्रीट ओतलं. तेही जुन्या अंगणावर चांगलं अर्धा फूट चढवून. घर गुळगुळीत दिसायला लागलं. आम्हीही कौतुक केलं, खोटं कशाला बोला.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर गणपतीत गेलो, तर भिंतीला एका जागी पोट आल्यासारखं दिसलं. वाजवलं तर बद्द. दोन हातांवर वाजवलं तर ठक्क. मग पुन्हा बद्द. गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने पहारीचं टोक लावलं आणि ताटाएवढा सिमेंटचा पापुद्रा सुटून खाली आला. मागची माती लापशी झाली होती.

ते म्हणाले, "बाळा, ह्यात पावसाचा काय दोष? वाट बुजवलीस तू."

माझा काही संबंध नव्हता, पण काका शेजारीच उभे होते. मी गप्प राहिलो.

झालं होतं असं. सिमेंटला बारीक तडे जातात. तिथून पाणी आत शिरतं, जमिनीतूनही थोडी ओल चढते. मातीची भिंत ही ओल पिते आणि ऊन पडलं की बाहेर सोडून देते. सिमेंटने ते सोडणंच बंद केलं. त्यात अंगण उंच झाल्याने जोतं अर्ध्या फुटाने बुटकं झालेलं. पागोळ्या पूर्वी मऊ जमिनीवर पडायच्या. आता काँक्रीटवर आपटून त्यांचे शिंतोडे थेट मातीला लागत होते. भिंत नेहमी पायथ्याशी कुरतडली जाते, आणि नेमकी तिथेच आम्ही सोय करून दिली होती.

पापुद्रे काढून ती भिंत तशीच उघडी ठेवली, पार होळीपर्यंत. मग शेतातली माती चाळली, तीत जरा वाळू आणि बोटाएवढा कापलेला पेंढा घालून पाण्यात आठ-दहा दिवस कुजत ठेवली. रोज तुडवायचं काम माझ्याकडे. वास असा, की काकू जेवायला अंगणातून उठून माजघरात गेल्या. आधी भिंत शिंपून ओली केली, खड्डे भरले, बोटभर जाडीचा पहिला हात दिला. तो वाळल्यावर भेगा पडल्या. माती चिकट जास्त होती. वाळू वाढवून पुन्हा दिला. वरून शेणकाल्याचा पातळ हात.

चुन्याचं मी विचारलं. गवंडी म्हणाले, "निवळी दे दोन-तीनदा, पातळ. जाड थर ह्या मातीला धरणार नाही, खपल्या होऊन उतरेल." चुना दिला तर मात्र पावसाआधी महिनाभर तरी वाळू द्यायचा, कारण तो हवा खाऊन सावकाश घट्ट होतो. आम्हाला उशीर झाला होता, तेव्हा चुना राहिलाच. नुसत्या शेणावर पश्चिमेचा पाऊस एका मोसमातच माती दाखवतो, म्हणून दरसाल हात फिरवणं आलंच. काकांना जे टाळायचं होतं, नेमकं तेच.

पागोळ्या पडतात त्या रेषेवर हातभर रुंद काँक्रीट फोडून खडी भरली. वाशांना तुकडे जोडून कौलांची एक ओळ बाहेर काढली. पुढच्या गणपतीत वाजवलं, सगळीकडे सारखा, बसका आवाज. मला तर गोड वाटला.

यंदा झापं विणायला माणूस मिळाला नाही. काकांनी निळी ताडपत्री बांधलीय. फोनवर मी एवढंच विचारलं, "वीतभर अंतर ठेवलंत ना?"

"ठेवलंय रे," म्हणाले. मागे ती फडफडताना ऐकू येत होती.