रजेचं नवं धोरण मांडण्याआधीची टिपणं

२६ नोव्हेंबर

मसुदा पक्का झाला. नवं रजा धोरण १ जानेवारीपासून लागू होईल आणि सोमवारी, १ डिसेंबरला, ते सगळ्यांपुढे मांडायचं आहे. अकरा पानांचा कागद आहे, पण तो ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात प्रश्न एकच असणार: माझ्या साठलेल्या रजेचं काय होणार? त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं कुणाच्या कानात शिरणार नाही. म्हणून मांडणी तिथूनच सुरू करायची. उद्दिष्टं आणि व्याख्या मागून येतील.

तरी 'का' हे पहिल्या दोन मिनिटांत सांगायलाच हवं, आणि खरं तेच सांगायला हवं. 'कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी' असं वाक्य मसुद्याच्या पहिल्या पानावर होतं, ते काढून टाकलं. बदलाचं कारण कायद्याशी मेळ घालणं हे आहे. पुण्यातलं आपलं कार्यालय महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली येतं. त्या कायद्यात रजेचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा आहे, आपला एप्रिल ते मार्च. कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा वेगळ्या दिलेल्या आहेत, आपल्याकडे २१ रजांचं एकच गाठोडं. कायदा ४५ दिवसांपर्यंत अर्जित रजा साठवू देतो, आपण ३० वर थांबवत होतो. ही तीन वाक्यं सरळ वाचून दाखवली की 'यामागे आणखी काही आहे का' ही कुजबुज बरीच कमी होते.

आता बदल. जुन्या २१ ऐवजी ८ किरकोळ रजा, म्हणजे सगळे म्हणतात ती सीएल, आणि शिवाय कामाच्या दर १५ दिवसांमागे १ अर्जित रजा, म्हणजे पीएल. कायद्याचं किमान २० दिवसांमागे १ आहे. त्या हिशेबाने वर्षाला जेमतेम १२ पीएल पडल्या असत्या आणि ८ मिळवून २० झाल्या असत्या, म्हणजे आजच्यापेक्षा एक कमी. म्हणून १५ चा आकडा. पूर्ण वर्ष काम केलेल्याला साधारण १६ पीएल आणि ८ सीएल मिळून २४ होतात.

पण '२१ च्या २४ झाल्या' एवढंच सांगून टाळ्या घ्यायच्या नाहीत. सीएल ३१ डिसेंबरला संपतात. त्या पुढे जात नाहीत, त्यांचे पैसे मिळत नाहीत. आधी २१ च्या २१ साठवता येत होत्या, आता १६ च साठतील. गावी घर बांधायला किंवा मुलीच्या लग्नाला म्हणून जे वर्षानुवर्षं रजा राखून ठेवतात, त्यांना हा बदल लागणार. ते आपणच आधी, स्पष्ट शब्दांत सांगायचं. नंतर स्वतःच्या खात्यात बघून कळलं, तर कागदावरच्या बाकीच्या चांगल्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

२८ नोव्हेंबर

आज सगळा वेळ २४० या आकड्यापाशी गेला. अर्जित रजा मिळायला वर्षात २४० दिवस काम झालेलं हवं, अशी अट आहे. आठवड्याला सहा दिवस चालणाऱ्या दुकानाला ती सोपी जाते. पाच दिवसांच्या आठवड्यात काय होतं ते मांडून पाहावं. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१ उरतात. सणांच्या ८ सुट्ट्या गेल्या की २५३. म्हणजे हातात फक्त १३ दिवसांची मोकळीक. एखाद्याने वर्षात १५ दिवस हक्काची रजा घेतली, तर प्रत्यक्ष कामाचे दिवस २३८ भरतात आणि दोन दिवसांसाठी पुढच्या वर्षीची सगळी पीएल जाते. रजा घेतली म्हणून रजा बुडाली, असा उफराटा प्रकार.

म्हणून मसुद्यात दोन वेगळ्या मोजण्या ठेवल्या आहेत, आणि सभेत हाच भाग सावकाश सांगावा लागेल. पहिली मोजणी पात्रतेची. तिच्यात हजेरीचे दिवस, पगारी सुट्ट्या, मंजूर पगारी रजा आणि २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा हे सगळं धरायचं. दुसरी मोजणी रजा किती जमा करायची याची. तिच्यात फक्त प्रत्यक्ष कामाचे दिवस, भागिले १५. वरच्या उदाहरणातला माणूस पहिल्या मोजणीत २६१ ला पोचतो, म्हणजे पात्र. दुसरीत २३८ ला १५ ने भागून त्याला १५ पीएल मिळतात. बिनपगारी रजा दोन्हीकडे धरली जात नाही. लांबलेल्या आजारपणात बिनपगारी रजा टाकणाऱ्याने एचआरकडे येऊन आधी हा आकडा पाहून घ्यावा, हे तोंडी सांगायचं आणि फळ्यावरही लिहायचं.

यंदाच्या संक्रमणाचं गणित याहून नाजूक आहे. जुन्या पद्धतीत १ एप्रिलला ज्या २१ रजा जमा झाल्या, त्या गेल्या आर्थिक वर्षाच्या कामाबद्दल होत्या. म्हणजे या जानेवारी ते मार्चच्या कामाची रजा देऊन झाली आहे, एप्रिल ते डिसेंबरची द्यायची राहिली आहे. १ जानेवारीला जमा होईल ती या नऊ महिन्यांचीच. हे नीट सांगितलं नाही तर '१६ म्हणाला होतात, १२ च का आल्या?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार.

एक खातं पूर्ण सोडवून दाखवायचं ठरवलंय. समजा ३१ डिसेंबरला एखाद्याच्या नावावर जुन्या २६ रजा शिल्लक आहेत. त्यातली एकही कापली जात नाही, २६ च्या २६ पीएल म्हणून पुढे येतात. एप्रिल ते डिसेंबर त्याचे प्रत्यक्ष कामाचे दिवस १८० भरले, भागिले १५, म्हणजे १२. दोन्ही मिळून ३८ पीएल. शिवाय पहिल्या तिमाहीच्या २ सीएल, कारण ८ सीएल एकदम येत नाहीत, दर तिमाहीला दोन-दोन जमा होतात. म्हणून १ जानेवारीला त्याच्या खात्यात ३८ पीएल आणि २ सीएल दिसायला हव्यात. तसं दिसलं नाही तर चूक आमच्याकडे आहे.

आता तेच खातं एक वर्ष पुढे न्यावं. त्याने वर्षभर एकही पीएल घेतली नाही, तर ३८ मध्ये साधारण १६ मिळून ५४ होतात. मर्यादा ४५ ची, म्हणून वरच्या ९ रजांचा प्रश्न उरतो. इथे कायद्यातली एक तरतूद कर्मचाऱ्याच्या बाजूची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. त्याने १५ दिवस आधी अर्ज केला होता आणि कंपनीने देय रजा नाकारली, तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा त्याला हक्क आहे. मात्र अर्जच केला नसेल, तर आमच्या धोरणाप्रमाणे ती रजा बुडते. अडचण अशी की 'या महिन्यात नको, पुढे बघू' असं वरिष्ठ जागेवरच बोलून जातात आणि माणूस अर्ज भरतच नाही. नंतर हातात पुरावा काही नसतो. तेव्हा सभेत दोन्ही बाजूंना एकाच वेळी सांगायचं: कर्मचाऱ्याने अर्ज प्रणालीत टाकायचाच, आणि वरिष्ठाने नाकारायचा असेल तर तिथेच कारण लिहून नाकारायचा.

३० नोव्हेंबर

तारखांबद्दल. शुक्रवारी संध्याकाळी मेल पाठवून सोमवारपासून रजेचे नियम बदलता येत नाहीत. कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांच्या रजा-सुट्ट्यांच्या अटी बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९अ मध्ये ही अट होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कलम ४० मध्ये आहे. उद्या नोटीस लागली की २२ डिसेंबरला २१ दिवस होतात, १ जानेवारीला अडचण नाही. सभा आणि नोटीस एकाच दिवशी ठेवण्याचं कारणही हेच. आधी फलकावर कागद आणि चार दिवसांनी सभा असं झालं, की मधल्या चार दिवसांत चहाच्या टपरीवर वेगळंच धोरण तयार होतं.

वर्षअखेरीला नेमकं काय अडेल तेही दिसतंय. २९ डिसेंबर ते २ जानेवारी असा एकच अर्ज प्रणाली घेणार नाही, कारण ३१ ला जुनं वर्ष बंद होतं. दोन अर्ज करावे लागतील: पहिला ३१ पर्यंतचा, दुसरा १ जानेवारीपासूनचा. ज्यांचे असे अर्ज आधीच मंजूर आहेत, त्यांचे आम्हीच तोडून देऊ. त्यांनी पुन्हा काही भरायचं नाही.

सणांच्या सुट्ट्यांची यादीही याच सभेत घ्यायची आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवायच्या असतात. मतं १५ डिसेंबरपर्यंत घेऊ.

विचारायचं कुठे, हे शेवटच्या पानाच्या तळाला होतं. ते वर आणलं. शिलकीबद्दलचे प्रश्न फक्त एचआरच्या टेबलावर, मंगळवार आणि गुरुवारी चार ते पाच. रात्रपाळीसाठी बुधवारी सकाळी सात ते आठ, पाळी सुटल्यावर लगेच, नाहीतर त्यांना कुणी भेटतच नाही. ग्राहकांच्या कार्यालयात बसणाऱ्यांना फोनवर. टीमच्या वरिष्ठांनी आकड्यांची उत्तरं द्यायची नाहीत, कारण एकाच प्रश्नाची दोन उत्तरं फिरू लागली की दोन्ही खोटी ठरतात. चूक दिसली तर २० डिसेंबरपर्यंत लेखी कळवायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही. ही तारीख उलटली तरी दुरुस्ती होईल, पण मग ती जानेवारीच्या पगारपत्रकानंतरच दिसेल.

प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी छापून झाली आहे. तिच्यावर चारच ओळी: आजची शिल्लक, एप्रिलपासूनचे कामाचे दिवस, १ जानेवारीला जमा होणारी अंदाजे पीएल, आणि पहिल्या तिमाहीच्या २ सीएल. ती उद्या सकाळी साडेनवाला टेबलावर, बंद पाकिटात, सभेच्या दीड तास आधी मिळेल. आपली शिल्लक चारचौघांत विचारायला माणसं संकोचतात आणि न विचारताच परत जातात. पाकीट आधी हातात असलं, तर सभेत माणूस स्वतःच्या आकड्यावर बोट ठेवून ऐकेल. चिठ्ठ्या आणि धोरण दोन्ही मराठीत आहेत. इंग्रजी प्रत मागेल त्याला मिळेल. तीन पाकिटांवरचे हजेरीचे आकडे पंचिंग यंत्राशी जुळत नाहीत. ती उद्या आठला येऊन आधी तपासायची.