पिशवीवरचे वजन आधी, भाव नंतर

तुम्ही विचारलंत: “स्पर्धकांचे भाव वेबसाइटवर सगळ्यांनाच दिसतात, मग आठवड्याचा तक्ता करायला तुम्हाला इतका वेळ का लागतो?”

भाव उतरवून घेणे हे त्यातले सोपे काम आहे. रोज सकाळी ठरलेल्या वेळी, लॉगिन न करता, तुमच्या दुकानाचाच पिनकोड देऊन माझी स्क्रिप्ट ती उघडी पाने सावकाश वाचते आणि साइटच्या `robots.txt` या फाइलमध्ये स्क्रिप्टना मनाई असलेल्या पानांकडे फिरकत नाही. वेळ जातो तो दोन्हीकडची वस्तू खरोखर एकच आहे का, हे ठरवण्यात.

सोयाबीन तेलाच्या पिशवीचेच पाहा. एक लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल असते. पण 2022 च्या बदललेल्या नियमांनंतर ठरावीक वजनाचेच पॅक काढण्याचे बंधन राहिले नाही, त्यामुळे तशाच दिसणाऱ्या 850 किंवा 800 ग्रॅमच्या पिशव्याही बाजारात असतात. समजा, गेल्या सोमवारी स्पर्धकाकडे 910 ग्रॅमची पिशवी 145 रुपयांना होती आणि या सोमवारी त्याच पानावर 139 रुपये दिसले. नुसता आकडा पाहणारा “सहा रुपयांनी उतरले” असे लिहून मोकळा होईल आणि तुम्हीही घाईने भाव पाडाल. प्रत्यक्षात नवी पिशवी 850 ग्रॅमची असेल, तर 100 ग्रॅमचा भाव 15.93 रुपयांवरून 16.35 रुपयांवर गेला, म्हणजे तेल सुमारे अडीच टक्क्यांनी महागले. म्हणून माझ्या तक्त्यात भावाच्या आधी निव्वळ वजनाचा रकाना येतो, आणि वजन बदलले की ती ओळ मी स्वतः पान उघडून तपासतो.

दुसरी डोकेदुखी म्हणजे न झालेले बदल. एकाच सकाळी निम्म्याहून अधिक वस्तूंचे भाव हलले, तर मी आधी पिनकोड पाहतो. बहुतेक वेळा साइटने तो विसरून दुसऱ्याच शहराचे भाव दाखवलेले असतात. पान उघडले नाही, तर त्या दिवसाचा रकाना रिकामा राहतो, कालचा भाव तिथे ओढून आणत नाही. बँकेच्या कार्डावरची सूट मी भावात धरत नाही, कारण ती प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळत नाही.

सोमवारची सोमवारशी तुलना करताना मधल्या दिवसांतला सर्वांत कमी भावही शेजारी लिहावा लागतो, नाहीतर शनिवार-रविवारपुरती लावलेली सूट नजरेतून निसटते. तुमच्याकडे येणाऱ्या पानावर मात्र दोन टक्क्यांहून अधिक हललेल्या वस्तूच असतात. बाकीचे वाचायला तुम्हाला सवड नसते, आणि खरे सांगायचे तर गरजही नसते. शेवटच्या रकान्यात माल शिल्लक होता की नाही, हे असते. तिथे “उपलब्ध नाही” दिसले, तर समोरचा भाव कितीही कमी असला तरी त्याच्याशी बरोबरी करू नका; त्या भावात त्याच्याकडेही ती वस्तू मिळत नाही.