आमची वाटचाल : पाचवं व्हीएमसी आणि वाट्याला आलेला ओव्हरहेड

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये धातूचे पार्ट कापणारी चार व्हीएमसी मशीन आहेत आणि काम बहुतेक जॉबवर्कचं. धंदा वाढत गेला तसा मशीनच्या तासाचा दर काढायची पद्धत पक्की झाली: भाडं, ऑफिसचे पगार, सुपरवायझर, सीएची फी असा वर्षाचा 24 लाखांचा ओव्हरहेड, त्याला चार मशीनच्या 16,000 तासांनी भागायचं. तासाला 150 रुपये. कोटेशनसाठी हा आकडा ठीक चालतो, कारण सगळ्या कामांनी मिळून ते 24 लाख भरून काढायलाच हवेत.

पाचवं मशीन घ्यायचं की नाही, हे मात्र त्याच शीटवरून ठरवता येत नाही. का, ते आकड्यांतच बघा.

मशीनची किंमत 30 लाख. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो धरलेला नाही. वर्षाला 4,000 तास, तासाला 500 रुपये, म्हणजे 20 लाखांचं काम. दोन ऑपरेटर, टूल्स आणि विजेची युनिटं मिळून 10 लाख जातात, 10 लाख हातात राहतात. सहा वर्षांनी मशीन 8 लाखांना जाईल असं धरलंय. परताव्याचा दर 12 टक्के, म्हणजे पुढे येणारे पैसे दर वर्षामागे 12 टक्क्यांच्या दराने कमी करून आजच्या किमतीत आणायचे. सगळा हिशोब इन्कम टॅक्सच्या आधीचा आहे. कर्जाचं व्याज वेगळं मांडायचं नाही, ते या 12 टक्क्यांतच आलं.

पाच मशीन झाली की तास 20,000 होतात आणि दर 120 वर येतो. शीट नव्या मशीनच्या माथी 4.8 लाख मारते. उरलेल्या 5.2 लाखांची सहा वर्षांची आजची किंमत आणि विक्रीचे पैसे मिळून साधारण 25.4 लाख होतात. किंमत 30 लाख, म्हणजे मशीन नको. पण त्याच वेळी जुन्या चार मशीनचा बोजा 24 लाखांवरून 19.2 लाखांवर उतरलेला असतो, तिकडे कुणी बघत नाही. बँकेतून एक रुपयाही जास्त गेलेला नाही. पैसे या खिशातून त्या खिशात, एवढंच.

म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: मशीन घेतलं नाही तर हा खर्च थांबेल का? भाडं थांबणार नाही, सीएची फीही नाही. दोन्ही बाहेर. ज्या कोपऱ्यात मशीन बसणार तो रिकामाच पडून असेल तर जागेचा खर्च शून्य; पण तोच कोपरा कुणी महिन्याला 6,000 रुपये भाड्याने मागत असेल, तर बुडणारे 72,000 वर्षाच्या हिशोबात धरावेच लागतात.

खरोखर वाढणारा ओव्हरहेडही असतो. वीज कंपनीकडे मंजूर असलेला भार, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांड, 20 केव्हीएने वाढवली तर महिन्याला 500 रुपये प्रति केव्हीए धरून वर्षाचे 1.2 लाख. हे युनिटांच्या बिलाहून वेगळं असतं, म्हणून नेमकं हेच विसरलं जातं. देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी, 60,000, विमा 10,000. एकूण 1.9 लाख. शिवाय गिऱ्हाईक 60 दिवसांनी पैसे देतं, तेव्हा सुमारे 3.3 लाख आधी अडकतात आणि शेवटी सुटतात. त्याचा फटका आजच्या किमतीत 1.6 लाखांचा. शीटचे 4.8 लाख न धरता, हे सगळं आणि मशीनची किंमत वजा करून आजच्या किमतीत 5.7 लाख शिल्लक उरतात. मशीन घ्यावं.

पण इथेच थांबायचं नाही. सध्या दुसऱ्या पाळीत इन्स्पेक्टर नाही. ऑपरेटर स्वतः मोजतात आणि सकाळी फेरतपासणी होते. नव्या पार्टच्या बोअरचं टॉलरन्स कडक असेल तर सकाळपर्यंत थांबणं म्हणजे रात्रभराचं स्क्रॅप. त्यासाठी महिना 18,000 वर माणूस ठेवला, तर सहा वर्षांची आजची किंमत 8.9 लाख होते आणि 5.7 लाखांची शिल्लक उणे 3.2 लाखांवर जाते. तो माणूस उरलेल्या वेळात बाकीच्या मशीनचे पार्ट तपासेल, म्हणून अर्धाच पगार धरू, असं म्हणायचा मोह होतो. तो नेमला जातोय पाचव्या मशीनमुळे, तेव्हा पगार पूर्णच धरायचा. बाकीच्या मशीनचं स्क्रॅप त्यामुळे खरंच कमी होणार असेल, तर ती बचत रुपयांत वेगळी मांडा. उलट, चार मशीनसाठीच तो नेमायचं आधी ठरलं असेल, तर पाचव्याच्या हिशोबात शून्य.

म्हणजे सगळा निर्णय येऊन थांबतो तो तपासणीवर. महिन्याला साधारण 11,500 रुपयांच्या आत ती बसली तर मशीन परवडतं. म्हणून मशीनची ऑर्डर देण्याआधी बोअरसाठी एअर गेजचं कोटेशन मागवायचं, आणि प्रत्येक पार्ट मशीनवरच मोजून ऑपरेटरने नोंदवला तर चालेल का, हे गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यांकडून लेखी घ्यायचं.