चूक कोणाची ते काढायचं नाही

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, आठवी ते दहावीची. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली मानव विकासच्या निळ्या बसनं येतात. शाळेतली बारीकसारीक भांडणं पोरांनीच बसून मिटवावी म्हणून मी नववीची आठ मुलं निवडली आणि सहा शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर दोन-दोन तास, त्यांची तयारी करून घेतली. निवडताना नुसती हुशार पोरं घेतली नाहीत. ज्याचं नाव भांडणात हमखास येतं, असाही एक घेतला. बाकीची पोरं त्याच्याशी मोकळं बोलतात, पहिल्या नंबरवालीशी बोलत नाहीत.

हा अंकुश. (सगळी नावं बदलली आहेत.) त्याचा आजा गावच्या तंटामुक्ती समितीत होता. 2007 साली ही मोहीम सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना भांडण मिटवणं म्हणजे पारावर पाच माणसं बसणार, दोघांचं ऐकणार, एकाला झापणार आणि हात जोडायला लावणार, एवढंच ठाऊक. पहिल्या शनिवारी खोटं भांडण करून दाखवलं. सहा मिनिटांत आठही जणांनी निकाल दिला, आणि तिघांचा दंडही ठरला होता.

त्यामुळे पुढचे पाच शनिवार त्यांच्यातला पंच काढण्यातच गेले. पंचाला चूक शोधायची असते. इथं बसणाऱ्यानं दोघांनाही त्यांचं म्हणणं पुरतं मांडू द्यायचं आणि ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत परत सांगायचं, ‘बरोबर का?’ म्हणून विचारायचं, बस्स. सल्ला द्यायचा नाही. सगळ्यात जड गेला तो एक शब्द सोडणं, ‘काऊन’. ‘काऊन फेकली?’, ‘काऊन मारलं?’ आमच्याकडे मार पडायच्या आधीचं वाक्य असंच सुरू होतं, म्हणून तो शब्द कानावर पडला की पोरगं गप्प तरी होतं नाहीतर खोटं बोलतं. त्याऐवजी ‘मग काय झालं?’ विचारायचं. ‘तुले कसं वाटलं?’ हेही मी दुसऱ्या शनिवारी सोडून दिलं. त्याचं उत्तर ‘काही नाई’ असंच येतं.

पहिलं खरं प्रकरण डिसेंबरात आलं, कापूस वेचणीच्या दिवसांत. काजल बसच्या पहिल्या थांब्यावर चढते, वैष्णवी तिसऱ्या. काजलनं सीटवर बॅग ठेवली होती. वैष्णवीनं ती उचलून खाली फेकली. डबा उघडून भाजीचं तेल विज्ञानाच्या प्रयोगवहीत गेलं. शाळेत पोचेपर्यंत दोघींच्या मागे दोन गावं उभी राहिली होती.

पोरांसमोर बसवण्याआधी मी दोघींशी वेगवेगळी बोलले. हात उचलला गेला का? जातीवरून काही बोललं गेलं का? एकीला दुसरीची भीती आहे का? यातलं काहीही असतं तर प्रकरण मुलांकडे गेलंच नसतं, माझ्याकडून थेट मुख्याध्यापकांकडे गेलं असतं. अंगचटीची गोष्ट असेल तर तेही पोरांचं काम नाही, तिथं कायदा आहे. तसं काही नव्हतं. वैष्णवीनं विचारलं, ‘नाई आली तं?’ म्हटलं, नको येऊ. मग वर्गशिक्षक नेहमीसारखं पाहतील. ती आली.

खोली म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांची. टेबल बाहेर काढला, चार खुर्च्या ठेवल्या. दोघी एकमेकींच्या अगदी समोर येणार नाहीत अशा, जरा तिरप्या. मी दाराजवळच्या पोत्यावर. मी बोलायचं नाही, असं ठरलेलं होतं.

त्या आठांतल्या प्राचीनं सुरुवात केली. मधात तोडायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, आम्ही पंच नाही. इथलं बोलणं इथंच राहील; फक्त कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर मॅडमला सांगावं लागेल. पाठ केलेलं वाटत होतं, पण म्हटलं नीट.

काजलचं झालं, वैष्णवी बोलायला लागली. ‘म्या दोनदा म्हटलं बॅग काढ. थे खिडकीतून बाहेर पाहत होती. मंग म्या उचलली अन्…’

‘म्हणजे बॅग तूच फेकली, हे तुले कबूल हाय,’ अंकुश म्हणाला.

झालं. वैष्णवी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. काजल खुर्चीत सरळ झाली, कोर्टात केस जिंकल्यासारखी. सहा शनिवार एका वाक्यात वाहून गेले. मी तोंड उघडणारच होते. पोत्याची सुतळी ओढत बसले. अर्धा मिनिट कोणीच बोललं नाही.

मग प्राची म्हणाली, ‘तू थांब्यावर आली तेव्हापासून सांग.’

आणि ते सगळं निघालं. आई सकाळीच वेचणीला जाते, त्यामुळे पाणी, भाकरी, लहान भावाची तयारी वैष्णवीकडे. पळत थांब्यावर यायचं आणि पंचवीस मिनिटं उभं राहायचं, शेजारी बॅग बसलेली. ‘मी उभी अन् दप्तर बसून येते रोज,’ ती म्हणाली. अंकुशला हसू आलं, पण त्यानं आवरलं आणि तेच वाक्य परत म्हटलं, ‘म्हणजे तू उभी अन् दप्तर बसून. बरोबर?’ तिनं मान हलवली. या वेळी त्यानं पुढं काही जोडलं नाही.

काजल बॅग ठेवायची ती तिच्याच गावच्या दोघींसाठी. त्या पुढच्या, शेताजवळच्या थांब्यावर चढतात, कारण त्याही सकाळी वेचणीला जाऊन येतात.

इथं पोरं अडकली. कागदावर पहिलं वाक्य आलं: ‘काजलच्या मैत्रिणी एक दिवसाआड उभ्या राहतील.’ प्राचीनं पेन थांबवला. ‘थ्या तं इथं नाईत. त्यांचं आपण कसं लिवायचं?’ हे मी शिकवलं होतं की नाही, मला आठवत नाही. खोलीत जे नाहीत त्यांच्या वतीनं ठरवलेलं दोन दिवसही टिकत नाही. मोठ्यांच्या बैठकींत हे नेहमी विसरलं जातं.

शेवटी दोघींच्या हातात होतं तेवढंच लिहिलं. काजल दोन नाही, एकाच जागेवर बॅग ठेवेल. वैष्णवी स्वतः बॅग उचलणार नाही, नाव घेऊन सांगेल. प्रयोगवही वैष्णवी लिहून देणार होती, पण काजलनं ते नाकारलं: ‘तिचं अक्षर लई बेकार हाय.’ त्याऐवजी शनिवारी शाळा सुटल्यावर वैष्णवी वाचून दाखवेल, काजल लिहील. ‘आम्ही पुन्हा भांडणार नाही’ असं लिहू दिलं नाही; ते पाळलं की मोडलं हे कोणाला कळणार? चाळीस मिनिटं लागली. बसमध्ये जागा मात्र तेवढ्याच राहिल्या. त्यासाठी मी डेपोला अर्ज दिला, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आठ दिवसांनी प्राची आणि अंकुशनं दोघींना पुन्हा बोलावून कागद वाचला. बॅगेचं तीन दिवस पाळलं, चौथ्या दिवशी मोडलं, पण बॅग कोणी फेकली नाही. प्रयोगवही पूर्ण झाली होती.

खुर्च्या उचलताना अंकुश म्हणाला, ‘मॅडम, आजानं विचारलं, चूक कोणाची निघाली?’

‘मग काय सांगितलंस?’

‘म्हटलं, आम्ही काढलीच नाई.’

‘काय म्हणाले?’

‘म्हणे, मंग बसले कायले?’